वायर विकत घेण्याआधी फोनचं पोर्ट ओळखा

फोनवरचं चित्र वायरशिवाय टीव्हीवर दाखवण्याची सोय आता जवळजवळ प्रत्येक स्मार्ट टीव्हीत असते, आणि ऐन वेळी दगा देणारीही बऱ्याचदा तीच असते. फोनला टीव्ही सापडत नाही, सापडला तर जोडणी मध्येच तुटते, जोडणी टिकली तर माणसाचे ओठ हलून गेल्यावर त्याचं बोलणं ऐकू येतं. मग कोणीतरी सांगतं की यूएसबी-सी ते एचडीएमआय केबल घ्या, एक टोक फोनला, दुसरं टीव्हीला, विषय संपला. हा सल्ला चांगला आहे, पण अपुरा आहे. ही केबल काही फोनांवर लावताक्षणी चालते आणि काही फोनांवर कधीच चालत नाही. फोनच्या खालचं ते लंबगोल भोक दोन्हींत हुबेहूब सारखं दिसतं, त्यामुळे पैसे गेल्यावरच माणसाला फरक कळतो. तो आधी कसा ओळखायचा, हे या लेखात सविस्तर सांगायचं आहे.

आधी वायरशिवायचं चित्र का अडखळतं ते पाहू, कारण केबलचा फायदा त्यातूनच समजतो. टीव्हीवर फोनचं चित्र नेण्याचे दोन निराळे मार्ग आहेत आणि लोक दोन्हींना एकच समजतात. पहिल्यात फोन टीव्हीला फक्त पत्ता सांगतो: अमुक व्हिडिओ अमुक ठिकाणी आहे, तू तो इंटरनेटवरून घे. यूट्यूबच्या कोपऱ्यातलं कास्टचं चिन्ह दाबलं की हेच होतं. इथे फोन हा केवळ रिमोट असतो. वाय-फाय आणि इंटरनेट ठीक असेल तर हा मार्ग उत्तम चालतो. दुसरा मार्ग म्हणजे फोनचा संपूर्ण पडदा जसाच्या तसा टीव्हीवर उमटवणं, म्हणजे मिररिंग. गॅलरीतले फोटो, व्हिडिओ कॉल, एखादं अ‍ॅप, पीडीएफ दाखवायचं असेल तेव्हा बहुधा हाच मार्ग उरतो, आणि रडतो तो हाच.

त्यामागचं गणित सोपं आहे. फुल एचडी चित्रात 1920 गुणिले 1080 ठिपके असतात, प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी 24 बिट लागतात आणि सेकंदाला अशी 60 चित्रं पाठवायची असतात. गुणाकार केला तर सेकंदाला साधारण 3 गिगाबिट होतात. घरातलं वाय-फाय एवढं ओझं सलगपणे वाहू शकत नाही. म्हणून फोन प्रत्येक चित्र दाबून शेकडो पटींनी लहान करतो, हवेतून पाठवतो आणि टीव्ही ते पुन्हा उलगडतो. दाबायला वेळ, उलगडायला वेळ, आणि हवेत अडथळा आला तर थांबायला आणखी वेळ. शिवाय दाबताना प्रत्येक चित्र पूर्ण पाठवलं जात नाही. आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच पाठवलं जातं. त्यातला एक तुकडा वाटेत हरवला की पुढची सगळी चित्रं चुकीच्या पायावर उभी राहतात. टीव्हीवर चेहऱ्याचे चौकोनी तुकडे होऊन ते ओघळल्यासारखे दिसतात, ते यामुळे. पुढचं पूर्ण चित्र आलं की सगळं एकदम स्वच्छ होतं.

दाट वस्तीच्या इमारतीत हा त्रास वाढतो. वाय-फायच्या जुन्या 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांना न अडवणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीन, आणि त्यावर आजूबाजूच्या सगळ्या घरांचे राउटर, ब्लूटूथ हेडफोन आणि चालू असलेला मायक्रोवेव्ह बसलेले. राउटरमध्ये 5 गिगाहर्ट्झची सोय असेल तर फोन आणि टीव्ही दोन्ही त्यावर घेऊन पाहावेत. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागतं आणि केबल घ्यावी लागत नाही. भागलं नाही तर मात्र केबल. तिच्यात हवा नाही, गर्दी नाही, आणि चित्र शेकडो पटींनी दाबण्याची गरजही नाही. ते तीन गिगाबिट सरळ तारांतून जातात, म्हणून उशीर डोळ्याला जाणवत नाही.

आता मुख्य मुद्दा. यूएसबी-सी हे जोडणीच्या आकाराचं नाव आहे. त्या भोकात 24 टोकं असतात. काही वीज वाहतात, एक जोडी जुन्या पद्धतीच्या यूएसबी 2.0 साठी असते, आणि चार जोड्या अतिवेगवान वहनासाठी राखलेल्या असतात. चित्र बाहेर पडतं ते या चार जोड्यांतून, आणि तेही फोनने त्या जोड्या चित्रासाठी मोकळ्या करून दिल्या तरच. या सोयीचं नाव डिस्प्लेपोर्ट ऑल्टरनेट मोड. ती 2014 मध्ये जाहीर झाली. केबल लावली की फोन तिच्यातल्या चिपला एका छोट्या तारेवरून विचारतो: तुला चित्र घेता येतं का? चिप हो म्हणाली तर त्या जोड्यांतून डिस्प्लेपोर्ट पद्धतीचं चित्र वाहू लागतं आणि केबलमधली चिप त्याचं एचडीएमआयमध्ये रूपांतर करते. फोनने विचारलंच नाही तर काहीही होत नाही. संदेश नाही, बीप नाही, टीव्हीवर फक्त सिग्नल नसल्याची पाटी.

स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बऱ्याच फोनांत या चार वेगवान जोड्या मागच्या चिपपर्यंत नेलेल्याच नसतात. भिंतीवर नळाची तोटी चकचकीत बसवली, पण मागे पाइप आणलेला नाही, अशातला प्रकार. चार्जिंग आणि फोटो उतरवणं यूएसबी 2.0 च्या जोडीवर भागतं, म्हणून कंपनी तेवढाच खर्च करते. ही जोडी फार तर सेकंदाला 480 मेगाबिट वाहते. तीन गिगाबिटांचं चित्र तिच्यातून जाणं शक्य नाही. सॉफ्टवेअर अपडेटने, सेटिंग बदलून किंवा महागडी केबल घेऊन ही उणीव भरून निघत नाही.

मग आपला फोन कोणत्या गटातला, हे कसं ओळखायचं? कंपनीच्या संकेतस्थळावर फोनच्या तपशिलात यूएसबीची ओळ शोधा. तिथे `DisplayPort` हा शब्द दिसला तर काम झालं. `USB 3.1` किंवा `USB 3.2` लिहिलं असेल तर बरीच आशा आहे, पण खात्री नाही. नुसतं `USB 2.0` असेल तर केबल घेऊ नका. या शेवटच्या नियमाला एक ठळक अपवाद आहे: 2023 चा साधा आयफोन 15. त्याचा डेटा वेग यूएसबी 2 एवढाच आहे, तरी अ‍ॅपलने चित्राच्या जोड्या स्वतंत्रपणे दिल्या आहेत आणि तो टीव्हीला व्यवस्थित जोडला जातो. त्याआधीच्या आयफोनांना लाइटनिंग पोर्ट आहे. त्यांना ही केबल बसतच नाही, त्यांचा अ‍ॅडॉप्टर वेगळा. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस मालिकेत 2017 च्या एस8 पासून ही सोय आहे. ए आणि एम मालिकेतल्या बहुतेक फोनांत ती नाही. गुगलच्या पिक्सेल 8 मध्ये तारा पहिल्यापासून होत्या, पण सोय सुरू झाली ती 2024 च्या जूनमधल्या अपडेटनंतर. पिक्सेल 7 आणि त्याआधीच्यांना ती मिळाली नाही. तपशील सापडतच नसेल तर फोन घेऊन दुकानात जा आणि तिथल्या टीव्हीला केबल लावून दाखवा म्हणा. ऑफिसात यूएसबी-सी मॉनिटर असेल तर त्याच्या मूळ केबलने फोन जोडून पाहा. फोनचं चित्र मॉनिटरवर उमटलं तर तो टीव्हीवरही उमटवेल.

माझी आतेबहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गावाने लोकवर्गणीतून शाळेला 43 इंची टीव्ही घेऊन दिला आहे. बालभारतीच्या पुस्तकांत छापलेले क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपने वाचून तिने धड्यांचे व्हिडिओ घरी, वाय-फायवर, फोनमध्ये उतरवून ठेवलेले असतात. शाळेत इंटरनेटची जोडणी नाही. त्यामुळे कास्टचा मार्ग बंद, कारण टीव्ही स्वतः इंटरनेटवरून व्हिडिओ आणूच शकत नाही. मिररिंग थेट फोन ते टीव्ही चालतं, पण ते परिसर अभ्यासाच्या तासाला मध्येच तुटायचं, आणि पुन्हा जोडेपर्यंत मुलांचं लक्ष उडून जायचं. म्हणून तिने केबल मागवली, लावली, आणि मला फोन केला: “दादा, दोन्ही टोकं नीट बसली आहेत, चार्जिंगची केबल लावली तर फोन चार्जही होतो, मग टीव्हीवर चित्र का नाही?”

तिच्या फोनचा तपशील काढला तर यूएसबी 2.0. केबल उत्तम होती, पण त्या फोनसाठी ती निरुपयोगी होती. नशिबाने मुख्याध्यापकांकडे गॅलेक्सी एस20 होता. दुसऱ्या दिवशी तोच लावून बघायचा ठरला, आणि मी तिला क्रम सांगितला. आधी एचडीएमआयचं टोक टीव्हीत लावायचं आणि त्या भोकाशेजारी काय छापलं आहे ते वाचायचं, समजा `HDMI 2`. मग रिमोटवरच्या सोर्स किंवा इनपुटच्या बटणाने नेमका तोच आकडा निवडायचा. त्यानंतर फोनचं कुलूप उघडून केबलचं दुसरं टोक फोनला. फोनला जाड कव्हर असेल तर काढायचं, कारण कव्हरच्या कडेमुळे टोक अर्धा मिलिमीटर बाहेर राहिलं तरी चार्जिंग चालतं आणि चित्र येत नाही. भोकात कापसाचे तंतू साचले असतील तर फोन बंद करून ते लाकडी टूथपिकने हलकेच काढायचे. पिन किंवा सुई वापरायची नाही. तरीही चित्र नसेल तर टोक उलटं करून लावायचं. यूएसबी-सी दोन्ही बाजूंनी चालायला हवं, पण एखादं टोक झिजलं असेल तर ते एकाच बाजूने चालतं, आणि बिघाड जोडणीत आहे हे त्यावरून कळतं.

एस20 ने लगेच विचारलं की डेक्स सुरू करायचं का. डेक्स म्हणजे सॅमसंगची अशी सोय, की टीव्हीवर संगणकासारखा वेगळा पडदा उघडतो आणि फोन हातात टचपॅड म्हणून राहतो. ती 2018 च्या नोट 9 पासून नुसत्या केबलवर चालते. पहिल्यांदा त्यांनी डेक्स नाकारून साधं मिररिंग घेतलं. चित्र आलं, न थांबता आलं, पण लहान दिसलं. टीव्ही छोटा आहे की काय, असं बहिणीला वाटलं. कारण फोनच्या पडद्यात होतं. आजच्या फोनचा पडदा लांबट असतो, 20 बाय 9 या प्रमाणात, आणि टीव्ही 16 बाय 9. फोन आडवा धरला की त्याचा लांब पडदा टीव्हीच्या रुंदीत बसवावा लागतो, म्हणून वर आणि खाली काळ्या पट्ट्या येतात. त्यात धड्याचा व्हिडिओ 16 बाय 9 चा, म्हणजे फोनच्या पडद्यावर त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला आधीच काळ्या पट्ट्या. मिररिंग हे सगळं जसंच्या तसं उचलतं. परिणामी व्हिडिओला टीव्हीच्या रुंदीचे 80 टक्के आणि उंचीचे 80 टक्के मिळतात, आणि 43 इंची टीव्हीवर चित्र 34 इंची दिसतं. मागच्या बाकावरच्या मुलाला हा फरक चांगलाच जाणवतो.

डेक्स सुरू केल्यावर टीव्हीला स्वतःचा 16 बाय 9 पडदा मिळाला, आणि त्यावर व्हिडिओ पूर्ण आकाराने लागला. आयफोनमध्ये बरीच व्हिडिओ अ‍ॅप्स हे आपोआप करतात. व्हिडिओ सुरू झाला की टीव्हीवर तो पूर्ण पडदाभर जातो. इतर अँड्रॉइड फोनांत मात्र बऱ्याचदा त्या पट्ट्यांसह जगावं लागतं. टीव्हीच्या रिमोटवरची झूमची सोय वापरून चित्र ताणता येतं, पण मग माणसं ताणलेली दिसतात किंवा अक्षरांच्या ओळी कापल्या जातात. शिकवण्यासाठी मी ते करणार नाही.

शाळेत पुढे आणखी दोन गोष्टी अडल्या, आणि त्या घरोघरी अडतात. एक म्हणजे टीव्हीवर चित्राच्या कडा कापलेल्या होत्या. डेक्सची खालची पट्टी अर्धी दिसत होती. जुन्या प्रक्षेपणाच्या सवयीने काही टीव्ही अजूनही आलेलं चित्र किंचित मोठं करून कडा टाकून देतात. टीव्हीच्या पिक्चर मेनूत चित्राच्या आकाराची निवड असते. कंपनीप्रमाणे तिला `Just Scan`, `Screen Fit` किंवा `Full Pixel` अशी नावं असतात. ती निवडली की पूर्ण चित्र दिसतं. दुसरी गोष्ट आवाजाची. एचडीएमआयमधून आवाजही जातो, पण इथे टीव्ही मुका होता. मुख्याध्यापकांच्या फोनला कार्यालयातला ब्लूटूथ स्पीकर जोडलेला राहिला होता आणि फोन इमानाने आवाज तिकडेच पाठवत होता. ब्लूटूथ बंद करताच आवाज वर्गात आला.

धड्यांच्या बाबतीत जी अडचण येत नाही, पण घरी सिनेमा लावताना हमखास येते, ती म्हणजे काळा पडदा. फोनचा मेनू टीव्हीवर झकास दिसतो, फोटो दिसतात, आणि पैसे भरून घेतलेल्या अ‍ॅपमध्ये सिनेमा सुरू करताच आवाज येतो व चित्र काळं होतं. केबल बिघडली असं समजून लोक ती परत करतात. खरं कारण नक्कल रोखण्याची व्यवस्था, एचडीसीपी. फोन, केबलमधली चिप आणि टीव्ही यांनी एकमेकांना ओळखपत्रं दाखवायची असतात. साखळीत एकाचंही ओळखपत्र नसेल किंवा जुनं असेल तर अ‍ॅप चित्र रोखून धरतं. स्वस्त केबलमध्ये ही चिप कधी कधी एचडीसीपी पाळतच नाही. शिवाय काही कंपन्यांचा स्वस्त, केवळ मोबाइलसाठीचा वर्गणीचा प्रकार मोठ्या पडद्यावर चित्र नेऊच देत नाही, मग केबल कितीही चांगली असो. म्हणून ओळखायचा नियम असा: मेनू आणि फोटो दिसत असतील तर केबल, पोर्ट आणि टीव्ही तिन्ही चालू आहेत, अडथळा अ‍ॅपचा, वर्गणीचा किंवा एचडीसीपीचा आहे. मेनूही दिसत नसेल तर दोष जोडणीत किंवा फोनच्या क्षमतेत शोधा.

केबल निवडताना माझं मत एकसंध लांब केबलपेक्षा बोटभर लांबीचा अ‍ॅडॉप्टर आणि त्याला वेगळी, साधी एचडीएमआय केबल घेण्याकडे झुकतं. टीव्हीपासून सोफा किंवा टेबल जेवढ्या अंतरावर असेल तेवढी, तीन मीटरची म्हणा, केबल लावता येते, आणि पुढे टीव्ही किंवा फोन बदलला तरी एकच भाग बदलावा लागतो. फोन मात्र टेबलावर ठेवावा. जाड केबल लोंबकळत राहिली तर तिचं वजन फोनच्या भोकावर येतं आणि ते सैल होतं. अ‍ॅडॉप्टर घेताना त्याला चार्जरसाठी दुसरं यूएसबी-सी भोक असेल तर बरं. केबल लावली की फोनचं एकुलतं एक भोक अडकतं, केबलमधली चिपही फोनचीच वीज खाते, आणि दोन-तीन तासांच्या सिनेमात बॅटरी झपाट्याने उतरते. त्या दुसऱ्या भोकात यूएसबी पीडी पद्धतीचा चार्जर लावायचा. स्वतःच्या खास पद्धतीचे वेगवान चार्जर असलेले काही फोन अ‍ॅडॉप्टरमधून सावकाशच चार्ज होतात, पण बॅटरी टिकवायला तेवढं पुरतं. केबलच्या खोक्यावरच्या 4के या अक्षरांमागे फार धावू नये. 32 इंची एचडी रेडी टीव्हीला त्याचा काही उपयोग नाही, आणि 4के 30 हर्ट्झपेक्षा फुल एचडी 60 हर्ट्झ डोळ्याला अधिक सुरळीत वाटतं.

बाजारात “सर्व फोनांसाठी” अशी पाटी लावून एक तिसराच प्रकार विकला जातो. त्याला आणखी एक यूएसबी टोक असतं, ते वीज घेण्यासाठी टीव्हीला लावायचं असतं, आणि खोक्यावरचा क्यूआर कोड वाचून फोनमध्ये एखादं अ‍ॅप टाकायचं असतं. हा प्रकार यूएसबी 2.0 च्या फोनावर चालू शकतो, कारण तो फोनकडून दाबलेलं चित्र घेतो, म्हणजे वायरवरचं मिररिंगच करतो. त्यात उशीर परत येतो आणि पैसे भरून पाहायचे सिनेमे बहुधा काळे दिसतात. प्ले स्टोअरच्या बाहेरून अ‍ॅप उतरवायला सांगणारा प्रकार असेल तर तो घेऊच नका. फोनचा संपूर्ण पडदा, त्यात ओटीपी आणि बँकेचं अ‍ॅपही आलं, त्या अ‍ॅपच्या हाती जातो.

बहिणीच्या स्वतःच्या फोनासाठी शेवटी उपाय निघाला तो पेन ड्राइव्हचा. यूएसबी-सी टोकाचा पेन ड्राइव्ह तिच्या फोनला लागतो, कारण फाइल उतरवायला यूएसबी 2.0 पुरेसं आहे. एमपी4 असलेले व्हिडिओ ती फाइल मॅनेजरमधून त्यावर टाकते, पेन ड्राइव्हचं दुसरं, चौकोनी टोक टीव्हीच्या यूएसबी भोकात लावते आणि टीव्हीच्या मीडिया प्लेअरमधून लावते. पेन ड्राइव्ह एफएटी32 पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही; धड्यांचे व्हिडिओ त्याहून कितीतरी लहान असतात. जे दीक्षा अ‍ॅपच्या आतच राहतं आणि फाइल म्हणून बाहेर काढता येत नाही, तेवढ्यासाठी ती मुख्याध्यापकांचा फोन मागून घेते.